एका गायीचे तीन क्रमांक: बिल्ल्यावरचा देश कुठला?

कणकवली तालुक्यातल्या एका वाडीत फोंडा घाट उतरून आलेली संकरित एचएफ गाय विकायला उभी आहे. व्यापारी ९५ हजार मागतो. गाय दुसऱ्या वेताची, वय चार वर्षं, आणि "जर्मनीची" आहे असं तो सांगतो. पुराव्यादाखल तो तीन गोष्टी पुढे करतो. डाव्या कानात पिवळा बिल्ला आहे आणि उजव्या कानात रुपयापेक्षा थोडं मोठं गोल बटण. तिसरी गोष्ट म्हणजे वंशावळीच्या कागदाची झेरॉक्स. घेणारा शेतकरी बिल्ल्याचे पहिले तीन आकडे मोबाईलवर शोधतो आणि विचारतो, "हो आकडो खंयच्या देशाचो?" मोबाईल उत्तर देतो: होन्डुरास.

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर चुकीच्या जागी शोधलं. ही गाय होन्डुरासची नाही. बिल्ला तसं म्हणतही नाही, कारण त्या बिल्ल्यावर देशाचा आकडाच नाही. तिन्ही गोष्टींवर वेगवेगळ्या पद्धतीचे क्रमांक आहेत. कुठला क्रमांक कुठल्या पद्धतीचा हे आधी ठरवल्याशिवाय त्यातले पहिले तीन आकडे तोडून वाचायचे नाहीत. पुढे दिलेले क्रमांक उदाहरणापुरते घेतले आहेत, त्यांची रचना मात्र खरी आहे.

पहिला क्रमांक: पिवळा बिल्ला

आधी बिल्ला धुवायचा. ही सूचना किरकोळ वाटेल, पण आकडे चुकण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच असतं. कोकणात चार महिने बिल्ल्यावर चिखल, शेण आणि हिरवट शेवाळ चढतं. कातळावर चरणाऱ्या जनावराचा बिल्ला करवंदीच्या जाळीत घासून ओरखडतो आणि मग 3 चा 8, 1 चा 7, 6 चा 0 दिसायला लागतो. ओल्या फडक्याने पुसा, बिल्ला बोटांत धरून उजेडाकडे थोडा तिरका करा. चार-चारचे गट करून एकाने मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने लिहावं आणि लिहिलेलं उलट वाचून दाखवावं. त्यावर बारकोड असतो. तो मोबाईलने वाचता आला तर पडताळा होतो, पण बारकोड ओरखडलेला असला की आकड्यांवरच भिस्त.

या गायीचा क्रमांक आला 3400 1862 7183. मोजले तर १२ आकडे, आणि सगळी मेख या मोजणीतच आहे. पहिले तीन आकडे देशाचे असतात ही पद्धत १५ आकडी क्रमांकाची आहे: ३ देशाचे आणि १२ जनावराचे. भारतात सरकारी नोंदणीत मारला जाणारा बिल्ला, ज्याला पशू आधार म्हणतात, तो १२ आकडीच असतो. तो क्रमांक देशांतर्गत नोंदणीसाठी आहे, त्यामुळे पुढे देश लावायची गरजच पडत नाही. भारताचा तीन आकडी संकेतांक 356 आहे, तो या बिल्ल्यावर शोधून सापडणार नाही. 340 हा होन्डुरासचा संकेतांक आहे हे खरं, पण इथे ते तीन आकडे एका लांब क्रमांकाची नुसती सुरुवात आहेत.

मग उरलेल्या आकड्यांत राज्य, जिल्हा, तालुका दडलेला असतो का? नाही. बाजारात छातीठोकपणे सांगतात की अमक्या आकड्याने सुरू झालं की गुजरात, तमक्याने सुरू झालं की कर्नाटक. बिल्ल्यांच्या मालिका कामाच्या सोयीने वाटल्या जातात, त्यामुळे एका गावात लागोपाठचे क्रमांक दिसतात आणि त्यावरून असे आडाखे बांधले जातात. पण या १२ आकड्यांतून जनावराचं मूळ वाचायचा नियम नाही. हा क्रमांक घराच्या कुलपाच्या किल्लीसारखा आहे. किल्लीकडे बघून घरात काय आहे ते कळत नाही, त्यासाठी दार उघडावं लागतं. इथलं दार म्हणजे भारत पशुधन ही सरकारी नोंदप्रणाली. पूर्वी हेच काम इनाफ या नावाने चालायचं.

दुसरा क्रमांक: उजव्या कानातलं बटण

गोल बटणात रेडिओ चिप असते. ती डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यासाठी हातातलं वाचकयंत्र लागतं. जनावरांच्या चिपा १३४.२ किलोहर्ट्झवर चालतात. मोबाईलमधली एनएफसी वेगळ्या लहरींवर चालत असल्यामुळे मोबाईल बटणाला चिकटवून काही उमटत नाही, आणि तसं झालं म्हणून बटण खराब आहे असा अर्थ काढू नये. यंत्र कानापासून वीतभर अंतरावर धरावं आणि लोखंडी गजाच्या दावणीपासून गाय थोडी बाजूला घ्यावी. जवळचं लोखंड आणि विजेची मोटर वाचनात अडथळा आणतात.

यंत्राच्या पडद्यावर आलं:

```
900215000734419
```

हे १५ आकडे आहेत, म्हणजे इथे पहिले तीन तोडून वाचणं बरोबर. ते आहेत 900. व्यापारी म्हणतो, हाच परदेशाचा आकडा. पण 900 नावाचा देश नाही. आंतरराष्ट्रीय पद्धतीत पहिल्या तीन आकड्यांच्या जागी दोन प्रकारचे संकेतांक येतात. देशाने आपल्या अधिकृत नोंदणीत चिप वापरली असेल तर देशाचा संकेतांक येतो, जसा जर्मनी 276, नेदरलँड्स 528, फ्रान्स 250, डेन्मार्क 208, अमेरिका 840, ऑस्ट्रेलिया 036. नाहीतर चिप बनवणाऱ्याचा संकेतांक येतो आणि तो 900 ते 998 यांच्या दरम्यान असतो. त्यातला 900 अनेक उत्पादकांत सामाईक आहे, तर वरचे संकेतांक एकेका उत्पादकाला दिलेले असतात. 999 निव्वळ चाचणीसाठी राखलेला आहे, तो विकत घ्यायच्या जनावराच्या कानात दिसला तर त्या चिपेवर भरवसा ठेवू नये.

म्हणजे 900 एवढंच सांगतो की ही चिप कुणीतरी बाजारातून विकत आणून मारली. पुढचे १२ आकडे उत्पादकाच्या मोजणीतले आहेत. गाय कुठे जन्मली याच्याशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. तरी बटण अगदीच निरर्थक नाही. अशा चिपा विम्यासाठी किंवा मोठ्या गोठ्यात दुधाची आपोआप नोंद करायला मारतात. व्यापाऱ्याला विचारायचं ते हे: विमा कुणाच्या नावाने होता, की ही कुठल्या मोठ्या गोठ्यातून काढलेली आहे? मोठ्या गोठ्यातून काढलेली असेल तर का काढली, हा त्यापुढचा प्रश्न. कास, खूर आणि गाभण राहण्यातली अडचण या तिन्ही बाजूंनी तो विचारावा.

इथे एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. काही जण कागदावर पिवळ्या बिल्ल्याच्या १२ आकड्यांपुढे 356 लिहून 356340018627183 असा "चिप क्रमांक" तयार करतात. दिसायला तो बिनचूक १५ आकडी असतो, पण चिपेत बसू शकत नाही. या पद्धतीच्या चिपेत जनावराच्या १२ आकड्यांसाठी ३८ बिट जागा असते आणि ३८ बिटांत मावणारी सगळ्यात मोठी संख्या 274877906943 आहे. त्यामुळे देशाच्या संकेतांकानंतरचा भाग 274 च्या वर, म्हणजे 275 किंवा 340 असा सुरू झालेला दिसला, की तो क्रमांक यंत्राने वाचलेला नसून हाताने जोडलेला आहे.

यंत्राच्या बाजूनेही चूक होते. काही यंत्रं किंवा त्यातून काढलेल्या याद्या सुरुवातीचं शून्य गिळतात. बेल्जियमचा 056 मग 56 होतो आणि क्रमांक १४ आकडी दिसतो. आकडे कमी भरले तर आधी पुढे शून्य गेलं का ते बघावं. एक्सेलमध्ये तर पिवळ्या बिल्ल्याचा क्रमांक टाकला की 3.40019E+11 असं काहीतरी दिसतं. दूध संस्थांच्या यादीत हे नेहमी घडतं. रकाना आधी मजकूर म्हणून ठरवून मग क्रमांक भरावा.

तिसरा क्रमांक: कागदावरचा जर्मन

आता झेरॉक्स. त्यावर एका जागी लिहिलंय DE 03 61234567. हा क्रमांक मात्र खरोखर देश सांगतो. युरोपात बिल्ल्यावर देशाची दोन अक्षरं असतात आणि त्यापुढे जास्तीत जास्त १२ आकडे. DE म्हणजे जर्मनी. चिपेच्या भाषेत हाच क्रमांक असा लिहितात:

```
276 0003 61234567
```

अक्षरांच्या जागी 276 आलं, आणि जर्मनीचा क्रमांक मुळात १० आकडी असल्यामुळे १२ ची जागा भरायला पुढे दोन शून्यं बसली. 03 हे जर्मनीतलं राज्य आहे, लोअर सॅक्सनी. बव्हेरियाचा असता तर 09 आला असता, श्लेस्विग-होल्स्टाइनचा असता तर 01. राहिलेले आठ आकडे त्या जनावराचे. त्यांतून गाव किंवा गोठा वाचता येत नाही, तो जर्मनीच्या नोंदवहीतच मिळतो.

प्रत्येक देशाचं हे वेगळं असतं आणि इथेच अर्धवट माहितीचा घोटाळा होतो. फ्रान्समध्ये FR नंतरचे दोन आकडे तिथला जिल्हा सांगतात. ब्रिटनमध्ये UK नंतरचे पहिले सहा आकडे ज्या कळपात जन्म झाला त्या कळपाचे, सातवा पडताळणीचा आणि शेवटचे पाच जनावराचे, म्हणजे तिथे बिल्ल्यावरून थेट जन्माच्या गोठ्यापर्यंत पोचता येतं. अमेरिकेच्या 840 ने सुरू होणाऱ्या क्रमांकात मात्र राज्य लिहिलेलं नसतं. एका देशाचा नियम दुसऱ्याला लावला की वाचन फसतं.

तर क्रमांक खरा, जर्मनीचा, लोअर सॅक्सनीत जन्मलेल्या जनावराचा. पण कुठल्या जनावराचा? झेरॉक्स नीट डोळ्यांजवळ धरून वाचली पाहिजे. वंशावळीचा कागद डावीकडून उजवीकडे मागे मागे जातो. डाव्या टोकाला जनावर स्वतः, पुढच्या रकान्यात वर बाप आणि खाली आई, त्यापुढच्या रकान्यात चार आजे-आजी. या कागदावर डाव्या टोकाच्या चौकटीत पिवळ्या बिल्ल्याचा १२ आकडी क्रमांक पेनाने लिहिला होता. बापाच्या चौकटीत भारतातल्या वळूचा क्रमांक होता. DE चा क्रमांक तिसऱ्या रकान्यात सगळ्यात वर, म्हणजे बापाच्या बापाच्या जागी. आईची बाजू कोरी.

म्हणजे आजोबा जर्मन. बाप इथेच जन्मलेला, बहुधा आयात केलेल्या रेताच्या कांडीतून. गायीत आजोबांचा वाटा सरासरी चौथा हिस्सा, आणि आई कोण हे माहीतच नाही. हा कागद खरा धरला तरी "जर्मनीची गाय" ही भाषा टिकत नाही. परदेशी वळूंचं रक्त आपल्याकडे मुख्यतः गोठवलेल्या रेतातून येतं. त्या रेतातून झालेलं वासरू इथलंच असतं, त्याला इथलाच १२ आकडी बिल्ला मिळतो.

कागद खरा आहे का हा प्रश्न वेगळा. बाकी मजकूर छापील आणि फक्त गायीचा क्रमांक पेनाचा, हे खटकायलाच हवं. एकाच वळूच्या माहितीपत्रकाची झेरॉक्स काढून दहा गायींचे क्रमांक वर लिहिता येतात.

दार उघडल्यावर

शेतकऱ्याने सौदा दोन दिवस थांबवला आणि बिल्ल्याचा क्रमांक घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेला. भारत पशुधनवर क्रमांक टाकल्यावर जी नोंद उघडली ती अशी: नोंदणी नोव्हेंबर २०२०, गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं, जात एचएफ संकरित, नोंदणीच्या वेळी वय तीन वर्षं, आईचा क्रमांक कोरा, बापाचा क्रमांक कोरा. खाली लाळ-खुरकुताच्या लसी आणि कृत्रिम रेतनाच्या नोंदी. हा प्रसंग डिसेंबर २०२४ चा.

या नोंदीतली प्रत्येक ओळ कशी वाचायची हे महत्त्वाचं आहे, कारण इथेही घाई नडते. गाव म्हणजे जिथे बिल्ला मारला ते गाव. ते जन्मगाव असेलच असं नाही. लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिसविरुद्धची राष्ट्रीय मोहीम सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि त्यानंतर लस टोचायला आलेल्या माणसांनी गोठ्यात उभ्या असलेल्या मोठ्या जनावरांना सरसकट बिल्ले मारले. तीन वर्षांच्या जनावराला बिल्ला बसला असेल तर त्याआधीची तीन वर्षं नोंदीत नाहीत. ती कालवड कर्नाटकातून आलेली असू शकते, सांगलीहून आलेली असू शकते किंवा त्याच गोठ्यातली असू शकते. आईचा क्रमांक कोरा असणं हीच त्याची खूण. याउलट वासराला लहानपणीच बिल्ला मारला असेल, आईचा क्रमांक भरलेला असेल आणि आईच्या नोंदीत त्या रेतनाची तारीख जुळत असेल, तरच मूळ ठिकाण कळलं असं म्हणता येतं. रेतनापासून वेत साधारण २८० दिवसांनी होतं, एवढा हिशेब घालून बघता येतो.

जातीचा रकानाही बिल्ला मारणाऱ्याने बघून भरलेला असतो. आपल्याकडची कोकण कपिला आता मान्यताप्राप्त देशी जात आहे, तरी कित्येक गोठ्यांत तिची नोंद "गावठी" म्हणून पडलेली दिसते. याचं वाईट वाटतं, आणि ती नोंद दवाखान्यात सांगून दुरुस्त करून घेण्यासारखी आहे.

वयाच्या बाबतीत मात्र नोंद ठाम बोलते. नोव्हेंबर २०२० ला तीन वर्षं, तर डिसेंबर २०२४ ला सात. वय अंदाजाने लिहिलेलं असलं तरी चार वर्षं कुठल्याही अंदाजात बसत नाहीत, कारण चार वर्षांपूर्वी ही गाय बिल्ला मारण्याएवढी मोठी होऊन गोठ्यात उभी होती. पडताळ्याला दात आहेतच. कायमच्या दातांची पहिली जोडी दोन वर्षांच्या सुमारास येते, चौथी चार-साडेचारला. चार वर्षांच्या गायीची चौथी जोडी नुकती येत असते किंवा कोवळी असते. या गायीच्या आठही दातांच्या कडा झिजून सपाट झाल्या होत्या. रेतनाच्या नोंदींतही दोनापेक्षा जास्त वेतं निघाली.

नोंद अगदीच ताजी निघते तेव्हा कानच पुन्हा बघावा लागतो. बिल्ला महिन्याभरापूर्वीचा आणि मालक म्हणून व्यापाऱ्याचंच नाव, असं असेल तर त्याच कानात दुसरं, भरून आलेलं भोक किंवा कडेपर्यंत फाटलेली चीर आहे का ते बोटाने चाचपावं. जुना बिल्ला पडला असेल तर नवा बिल्ला नव्या क्रमांकाचा बसतो, आणि दवाखान्यात जुना क्रमांक सांगितला तरच मागची नोंद त्याला जोडता येते. जुना क्रमांक कुणाला आठवत नसेल तर त्या जनावराचा इतिहास नव्या बिल्ल्यापासूनच सुरू होतो, मग वाचायला मागे काही उरत नाही. या गायीच्या डाव्या कानात एकच भोक होतं, जुनं, कडा गुळगुळीत झालेलं.

सौदा आणि त्यानंतर

गाय वाईट नव्हती. कास चांगली, चारही सडांना धार सारखी. घ्यायची की नाही हा प्रश्न नव्हता, किती पैशाला घ्यायची हा होता. "जर्मनी" आणि "दुसरं वेत" हे दोन्ही हिशेबातून काढून सात वर्षांची दुभती संकरित गाय म्हणून बोलणी झाली आणि सौदा ६८ हजारांवर मिटला.

राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. विक्रीच्या कागदावर पिवळ्या बिल्ल्याचा १२ आकडी क्रमांक लिहायचा, चिपेचा नव्हे. या कागदावर तोच लिहिला, आणि खाली वेगळ्या ओळीत चिपेचे १५ आकडे "बटण" असं म्हणून. मग दवाखान्यात जाऊन नोंदीतला मालक, मोबाईल क्रमांक आणि गाव बदलून घेतलं. हे राहून गेलं तर गाय कणकवलीत आणि नोंद कोल्हापुरात अशी अवस्था होते आणि उद्या विमा काढताना किंवा जनावर दगावल्यावर भरपाई मागताना तेच अंगाशी येतं. झेरॉक्सवरचा जर्मन क्रमांक नोंदीत बापाच्या रकान्यात टाकायचा मोह होतो. तो टाकला नाही, कारण तो बापाचा नाही आणि तो कागद या गायीचा आहे याला पुरावाही नाही.

गाय तेव्हा पाच महिन्यांची गाभण होती. रेतन कुठल्या वळूच्या कांडीने आणि कोणत्या तारखेला झालं ते नोंदीत आहे. एप्रिलमध्ये वासरू झालं की त्याला बिल्ला मारून घ्यायचा, आणि पावसाआधीच, म्हणजे कानाच्या ताज्या भोकावर माश्या बसून अळ्या पडत नाहीत. त्याच्या नोंदीत आईचा रकाना भरलेला असेल, बापाचाही, आणि गावाच्या पुढे लिहिलेली वाडी हीच त्याची जन्माची वाडी असेल.